बारा सुविधा, पैसे तिघींपुरते

प्रश्न: किराणा दुकानदारांसाठी आमचं बिलिंग अ‍ॅप आहे. नव्या १२ सुविधा डोक्यात आहेत, पण तीनच करता येतील. दुकानदारांना प्रत्येक सुविधेला १ ते ५ गुण द्यायला सांगू, क्रम लावायला सांगू, की ते 'सर्वात जास्त-सर्वात कमी' विचारू?

१२ असतील तर तिसरा प्रकार, म्हणजे ज्याला आमच्या धंद्यात मॅक्सडिफ म्हणतात तो. ५-६ असत्या तर मी क्रमच लावायला सांगितला असता.

गुणांचा अनुभव आधी सांगतो. अशाच एका सर्वेक्षणात मी गल्ल्याशेजारी उभा राहून प्रश्न वाचत होतो. दुकानदार साखर तोलता तोलता प्रत्येक प्रश्नाला 'पाच' म्हणत होता. सातव्या प्रश्नाला म्हणाला, "सगळंच लागतं हो, सगळ्यांना पाच टाका." त्याचं काही चुकलं नव्हतं. गुण द्यायला काही सोडावं लागत नाही, मग हात आखडता कोण घेईल? शेवटी सगळ्या सुविधा ४ आणि ५ च्या मध्ये दाटीवाटीने बसतात आणि तिघी निवडायच्या कशा हा प्रश्न जागच्या जागी राहतो.

क्रम लावताना सोडावं लागतं, पण १२ गोष्टी एकदम डोक्यात धरणं अवघड. पहिल्या दोन-तीन आणि शेवटच्या एक-दोन विचार करून लागतात, मधल्या नुसत्या भरल्या जातात. त्यात मोबाइलवर बोटाने ओढून लावायच्या म्हटलं की लोक यादी जशी दिसली तशीच सोडून देतात. हे तपासायचं असेल तर निम्म्या लोकांना यादी उलटी दाखवा. मधल्या सुविधांचे क्रमांकही उलटले, तर ते मत नव्हे, आळस.

आता तिसरा प्रकार. एका पडद्यावर चारच सुविधा दाखवायच्या: व्हॉट्सअ‍ॅपवर बिल, उधारीची आठवण, बारकोड स्कॅन, माल मुदतबाह्य होण्याआधी सूचना. दोनच प्रश्न: यातली तुमच्या सर्वात जास्त कामाची कुठली, सर्वात कमी कामाची कुठली? समजा त्याने उधारी वर आणि बारकोड खाली टाकला. चौघींच्या सहा जोड्या होतात, त्यातल्या पाचांचा निकाल दोन टिचक्यांत लागला. राहिली फक्त व्हॉट्सअ‍ॅप विरुद्ध मुदतीची सूचना.

असे ९ पडदे दाखवले की ३६ जागा होतात, म्हणजे प्रत्येक सुविधा एका माणसासमोर ३ वेळा येते. त्याहून कमी नको. १२ सुविधांच्या जोड्या ६६, आणि ९ पडद्यांत फार तर ५४ मावतात, म्हणून सगळ्यांना एकच संच देऊ नका. वेगवेगळे पाच-सहा संच करून वाटा, म्हणजे एकाकडे राहिलेली जोडी दुसऱ्याकडे येते.

हिशेब साधा आहे. जितक्या वेळा वर निवडली त्यातून जितक्या वेळा खाली टाकली ते वजा करा, आणि जितक्या वेळा दिसली त्याने भागा. समजा १५० दुकानदार आहेत, म्हणजे प्रत्येक सुविधा ४५० वेळा दिसली. उधारीची आठवण २१० वेळा वर, ३० वेळा खाली: गुण ०.४०. बारकोड १४० वेळा वर, १५० वेळा खाली: जवळपास शून्य.

त्या शून्यापाशी थांबा. बारकोड कुणालाच नको, असा त्याचा अर्थ नाही. कुणालाच फरक पडत नसता तर तो वरही आला नसता आणि खालीही गेला नसता. इथे दोन गट एकमेकांना खोडताहेत. मोठ्या दुकानांत पाकीटबंद माल जास्त, त्यांना स्कॅन हवा. सुट्टा डाळ-तांदूळ विकणाऱ्याला स्कॅन करायला कोडच नाही. म्हणून वजाबाकी करण्याआधी दोन्ही आकडे दुकानाच्या आकारानुसार वेगळे मांडून बघा. माझ्या मते या पद्धतीतून मिळणारी सगळ्यात कामाची गोष्ट हीच.

रेटून टिचक्या मारणारेही निघतातच. पडदा कुठलाही असो, पहिली ओळ वर आणि चौथी खाली, असं नऊच्या नऊ वेळा करणारा दिसला की तो काढून टाका. अर्थात त्यासाठी ओळींचा क्रम फिरवत ठेवलेला हवा.

एक मर्यादा मात्र राहतेच. हे गुण आपसातले आहेत. बाराच्या बारा सुविधा टाकाऊ असल्या तरी त्यातली एक पहिली येणारच. म्हणून शेवटी एक साधा प्रश्न जोडा: या १२ पैकी कुठल्या तुम्ही पुढच्या महिन्यात खरंच वापराल, त्यांवर खूण करा, एकही नसेल तर 'एकही नाही' निवडा. पहिल्या आलेल्या सुविधेवर फारशा खुणा नसतील, तर ती तूर्त बांधायला घेऊ नका. आणि 'महिन्याचं शुल्क कमी करा' हे चुकूनही या यादीत घालू नका, बहुतेक पडद्यांवर तेच जिंकेल आणि बाकीच्यांतला फरक कळायचा राहून जाईल.