दुबईची आठ वर्षं सीव्हीत कशी मांडायची?

ताई, दुबईतल्या एका ट्रेडिंग कंपनीत आठ वर्षं अकाउंटंट होते. टॅली, व्हॅट, पगार, महिन्याला चारेकशे बिलं, सगळं एकटीनं पाहिलं. आता पुण्यात परत आलेय. फोन येतो, 'जीएसटी केलंय का?' विचारतात, मी 'नाही' म्हटलं की विषय संपतो. काय करू?
– एक वाचक, पुणे

'नाही' हे उत्तर खरं असलं तरी अपुरं आहे. तुम्ही 5 टक्के व्हॅटची बिलं तपासलीत, आयातीवर रिव्हर्स चार्ज लावलात, रिटर्न भरलंत. जीएसटीतही बरंचसं हेच करावं लागतं. मोठा फरक आहे तो जुळवणीत. तिकडे हातात योग्य बिल असलं की इनपुट टॅक्स घेता येतो. इथे पुरवठादारानं ते बिल आपल्या जीएसटीआर-1 या विक्रीच्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं, तेव्हा ते तुमच्या जीएसटीआर-2बी म्हणजे पोर्टलवर आपोआप तयार होणाऱ्या खरेदी-क्रेडिटच्या यादीत येतं. मालकाला धास्ती असते ती याचीच, कारण तिथे चूक झाली की पैसा अडकतो.

म्हणून मुलाखतीत 'बिल 2बीत नसेल तर?' हा प्रश्न येणारच. उत्तर असं: पुरवठादाराच्या मागे लागायचं, तोवर ते क्रेडिट थांबवून ठेवायचं आणि बिल दिसेल त्या महिन्यात घ्यायचं. मात्र आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंतच, आणि वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर ते भरेपर्यंतच.

टीडीएस मात्र तुम्हाला खरंच नवा आहे. ही उणीव वाचून भरत नाही. ओळखीच्या सीएच्या ऑफिसात एक तिमाही अर्धवेळ बसा, पगार कमी असला तरी चालेल. दर महिन्याची 7 तारीख टीडीएसची, 11 जीएसटीआर-1ची, 14ला 2बी तयार होतं, 15 पीएफची, 20 कर भरायच्या जीएसटीआर-3बी रिटर्नची. हे चक्र तीनदा हाताखालून गेलं आणि टीडीएसचं एक तिमाही रिटर्न भरलं, की सीव्हीत प्रामाणिकपणे लिहिता येतं. घरी टॅलीप्राइमच्या एज्युकेशनल मोडमध्ये सराव करा, तिथे ठरावीक तारखांच्याच नोंदी होतात, पण जीएसटीची व्हाउचर्स हाताला बसतात.

सीव्हीत 'व्हॅट पाहिला' एवढंच नको. 'महिना 400 बिलं, आयातीवर रिव्हर्स चार्ज, व्हॅट रिटर्न, डब्ल्यूपीएसमधून पगार (बँकेमार्फत, सरकारी नोंदीसह)' असं लिहा. कंसातलं स्पष्टीकरण हवंच, पुण्यातल्या एचआरला डब्ल्यूपीएस ठाऊक असेलच असं नाही. उलाढाल कोटी रुपयांत द्या: 4 कोटी दिरहॅम म्हणजे 90 कोटींच्या पुढे.

पगाराचं उलट. दिरहॅमचे रुपये करून 'सध्याचा सीटीसी' भरला, तर अर्ज 'फार महाग' म्हणून बाजूला पडतो. 'यूएई, करमुक्त' असं लिहून अपेक्षित आकडा इथल्या बाजाराप्रमाणे सांगा. सीटीसीत कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि बहुतेकदा ग्रॅच्युइटीही धरलेली असते, तेव्हा हातात किती पडतील ते आधी विचारा.

आणि दुबईहून अनुभवाचं पत्र घेतलं नसेल तर आजच मेल टाका. हुद्दा आणि रुजू-सोडल्याच्या तारखा लेटरहेडवर हव्यात, पडताळणीत पहिल्यांदा तेच मागतात.