या तक्त्यातली तुझी ओळ कोणती?

“मॅडम, स्लाइडवरच्या प्रत्येक चित्राखाली, आलेखाखाली दुसऱ्यांची नावं लिहीत बसले तर परीक्षकांना वाटेल, मग हिनं स्वतः केलंय तरी काय? आणि आलेख मी माझ्या हातानं पुन्हा काढला असेल, तरीही नाव द्यायचंच का?”

प्रबंध सादर करायचे दिवस जवळ आले की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या मुलांच्या तोंडी हा प्रश्न हमखास असतो. शब्द बदलतात, धास्ती तीच. संदर्भ कसा लिहायचा याचं माहितीपत्रक त्यांच्याजवळ असतंच, त्यामुळे मी आणखी एक हातात देत नाही. श्रेय गाळण्यामागे लबाडी क्वचितच असते, आपण उणे दिसू ही भीती असते, असं माझं पक्कं मत आहे. भीती तशीच ठेवून नियम सांगितला की मुलं तो अर्धाच पाळतात. सगळे संदर्भ शेवटच्या स्लाइडवर बारीक अक्षरांत कोंबतात आणि ती स्लाइड दोन सेकंदांत पुढे सरकवतात. म्हणून मी त्यांना त्यांचंच काम उघडायला लावते आणि प्रश्न विचारते.

पाण्यातलं शिसं शोषून घेणाऱ्या एका पदार्थावर काम करणारी विद्यार्थिनी अशीच आली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तिच्या पहिल्याच आकृतीखाली लिहिलं होतं, ‘स्रोत: गूगल’.

“हे चित्र काढलं कुणी?”

“ते एका पेपरातलं आहे. शोधताना मिळालं.”

तो पेपर आम्ही उघडला. तो आढावा लेख होता, आणि आकृतीखालच्या मजकुराच्या शेवटच्या ओळीत स्पष्ट लिहिलं होतं की ही आकृती दुसऱ्या एका शोधनिबंधातून परवानगीनं घेतली आहे. म्हणजे चित्र गूगलचं नव्हतं आणि आढावा लेखाच्या लेखकांचंही नव्हतं. आढावा लेखांत असं फार आढळतं, म्हणून आकृतीखालचा मजकूर शेवटपर्यंत वाचायचा आणि मूळ निबंध गाठायचा. तिनं तो तिथंच शोधून काढला.

पुढचा स्तंभालेख तिनं एक्सेलमध्ये स्वतः काढला होता. “रंग माझे, मांडणी माझी,” ती म्हणाली.

“आणि स्तंभांची उंची?”

यावर ती थांबली. स्तंभांची उंची दुसऱ्या कुणाच्या तरी प्रयोगशाळेत मोजलेली होती. रंग किंवा अक्षराचं वळण बदलल्यानं मोजमाप आपलं होत नाही. मात्र रेखाटन तिचं होतं, हेही खरंच. म्हणून तिच्याकडून मी ओळ अशी लिहून घेतली: ‘आलेख: स्वतः. आकडे: अमुक व इतर, वर्ष, तक्ता २ वरून.’ दोन्ही गोष्टी सांगितल्या गेल्या, कुणाचंच काही गेलं नाही. तिनं मान डोलावली, पण चेहऱ्यावरचा ताण तसाच होता.

तो सैल झाला तिसऱ्या गोष्टीपाशी, आणि त्या प्रसंगाबद्दल मला आजही समाधान वाटतं.

तो एक तक्ता होता. पाच पदार्थ, त्यांची शिसं शोषण्याची क्षमता, सामू, तापमान. खाली एकही संदर्भ नाही. मी तिला म्हटलं, “मी परीक्षक आहे असं समज. मला सांग, या तक्त्यातली तुझी ओळ कोणती?”

“शेवटची.”

“मला ते कसं कळणार?”

ती बराच वेळ तक्त्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “पाचही ओळी सारख्याच दिसतायत. माझं वर्षभराचं काम यात दिसतच नाही.”

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं बोलू नये, असं मला अनुभवानं वाटतं. माणसाला जे स्वतःहून दिसतं ते टिकतं. दुसऱ्यांची नावं लिहिली की आपण झाकले जाऊ, या समजुतीनं ती आली होती. आता तिला दिसलं की नावं न लिहिल्यामुळेच ती झाकली गेली होती. चार ओळींपुढे चार नावं आली, की पाचवीपुढे ‘प्रस्तुत अभ्यास’ एवढंच लिहिलं तरी नजर आपसूक तिथे जाते.

मग आम्ही एकेक ओळ घेतली. तक्ता अनेक निबंधांतून जुळवलेला असेल, तर खाली एक ढोबळ ‘विविध स्रोत’ चालत नाही. प्रत्येक ओळीचा संदर्भ त्या ओळीतच हवा. पहिली ओळ सरळ होती. दुसऱ्या निबंधात क्षमता ग्रॅमला ०.५ मिलिमोल अशी दिली होती आणि तिनं ती १०३.६ मिलिग्रॅम केली होती. शिशाचा अणुभार २०७.२ धरला तर हिशेब बरोबर आहे. पण मूळ निबंधात १०३.६ हा आकडा शोधणाऱ्याला तो कधीच सापडणार नाही. म्हणून तळटीप दिली, ‘एकक बदलले आहे’. तिसरा आकडा तिनं छापील आलेखावरून डोळ्यांनी अंदाजून घेतला होता. तिथं ‘आलेखावरून वाचलेले अंदाजे मूल्य’ असं लिहिलं. या टिपा म्हणजे तिनं केलेलं कामच होतं, आणि तेही आता दिसू लागलं.

चौथी ओळ तिनं दुसऱ्याच कुणाच्या तुलनात्मक तक्त्यातून उचलली होती. मूळ निबंध उघडून बघायला मी आग्रहानं सांगितलं. पुढच्या भेटीत ती आली ती थोडी हादरूनच. तक्त्यात तापमान २५ अंश सेल्सिअस होतं, मूळ निबंधात तेच मूल्य ४५ अंशांना मोजलेलं होतं. मधल्या कुणीतरी चुकीचं उतरवलं होतं आणि ती चूक तिच्या नावावर पुढे जाणार होती. मूळ स्रोताचं नाव लिहायचं ठरवलं की तो उघडावा लागतो, आणि उघडला की अशा चुका सापडतात. दुसऱ्याच्या तक्त्यावरून नाव उतरवून ‘मूळ’ म्हणून लिहिणं हे मी श्रेय मानतच नाही.

ही श्रेयाची ओळ कुठं लिहायची, हेही तिनं विचारलं. स्लाइडवर असेल तर त्याच आकृतीखाली, मागच्या बाकावरून वाचता येईल एवढ्या अक्षरांत. लोक स्लाइडचा फोटो काढतात, ती पुढे एकटीच फिरते, शेवटची संदर्भांची स्लाइड तिच्यासोबत जात नाही. पहिल्या लेखकाचं आडनाव, नियतकालिक, वर्ष आणि मूळ आकृतीचा क्रमांक इतकं पुरतं. लेखी अहवालात आकृतीच्या शीर्षकाखाली पूर्ण टीप द्यायची, संदर्भसूचीत नोंद करायची, आणि बदल केला असेल तर नेमका कोणता तेही सांगायचं. नुसतं ‘वरून रूपांतरित’ म्हटलं तर वाचकाला काहीच कळत नाही.

आणखी एक गोष्ट मुलं एकत्र करतात, ती मी वेगळी करून सांगते. श्रेय दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. विभागातल्या सादरीकरणात बहुतेक वेळा श्रेयावर भागतं. पण प्रबंध सर्वांसाठी खुला होणार असेल किंवा छापला जाणार असेल, तर आकृती जशीच्या तशी घ्यायला हक्कधारकाची परवानगी लागू शकते, आणि हा हक्कधारक पुष्कळदा लेखक नसून प्रकाशक असतो. नियतकालिकाच्या पानावर Rights and permissions असा दुवा सहसा असतो, तिथूनच मागणी करायची. निबंध CC BY या खुल्या परवान्याखाली असेल तर वेगळी परवानगी नको, पण लेखक, स्रोत, परवान्याचं नाव व दुवा, आणि बदल केला असल्यास तसा उल्लेख हवा. परवान्यात ND, म्हणजे बदल न करण्याची अट, असेल तर बदललेली आकृती प्रसिद्ध करता येत नाही, मग श्रेय कितीही नीट दिलेलं असो.

तिच्या पहिल्या आकृतीसाठी परवानगी लागणार होती. गिरवून काढली तर चालेल का, असं तिनं विचारलं. नाही, गिरवलेली आकृतीही त्याच आकृतीचं रूप असते. तिनं प्रकाशकाकडे मागणी केली, आलेल्या उत्तरात जी ओळ छापायला सांगितली होती ती एक शब्दही न बदलता आकृतीखाली घातली, आणि ते पत्र प्रबंधाच्या फाइलसोबत जपून ठेवलं.