चेअरमन, फायरमन, मॅनपॉवर: आधी शब्द कोणाच्या ताब्यात आहे ते बघा

प्रश्न: आमच्या सहकारी साखर कारखान्यात अध्यक्षपदी पहिल्यांदाच महिला निवडून आल्या आहेत. परिपत्रकांत आणि पत्रव्यवहारात चेअरमन, फायरमन, मॅनपॉवर हे शब्द सगळीकडे आहेत. मराठी आणि इंग्रजी दोन्ही मसुद्यांत त्यांच्या जागी काय लिहायचं? सरसकट बदलले तर चालतील का?

उत्तर:

सरसकट नको. तिन्ही शब्द ऐकायला एका घरातले वाटतात, पण त्यांचे मालक वेगळे आहेत. चेअरमन हे पद तुमच्या पोटनियमांनी दिलेलं आहे. फायरमन हे पदनाम वेतनश्रेणीच्या करारात नोंदलेलं असतं. मॅनपॉवर मात्र कोणाच्याच ताब्यात नाही, तो नुसता सवयीचा शब्द आहे. त्यामुळे मॅनपॉवर आजच बदलता येईल, चेअरमन जपून बदलावा लागेल आणि फायरमन म्हणजे नक्की कोण, हे विचारल्याशिवाय त्याला हात लावू नका.

सोप्यापासून सुरुवात करतो. मॅनपॉवरच्या आड तीन वेगळे अर्थ दडलेले असतात आणि प्रत्येकाला वेगळा शब्द लागतो. मंजूर किंवा हजर माणसांची संख्या सांगायची असेल तर ‘कर्मचारी संख्या’, इंग्रजीत स्टाफ स्ट्रेंग्थ. कामाला माणसं लागणार असं म्हणायचं असेल तर ‘कामगार’ किंवा नुसतं ‘माणसं’, इंग्रजीत वर्कर्स किंवा स्टाफ. संस्थेची एकूण कार्यशक्ती अभिप्रेत असेल तर ‘मनुष्यबळ’, इंग्रजीत वर्कफोर्स. मराठी ‘मनुष्यबळ’ बदलायची गरज नाही. मनुष्य म्हणजे माणूस, त्यात बाई आलीच. काही जण ‘व्यक्तिबळ’ वगैरे घडवतात, तसलं काही करू नका, वाचणारा अडखळतो. मॅन-डेजसाठी इंग्रजीत पर्सन-डेज लिहा. रोजगार हमीच्या अहवालांत हाच शब्द चालतो, त्यामुळे तो कोणाला नवखा वाटणार नाही. मराठीत ‘मनुष्यदिवस’ आहेच. ठेकेदाराशी झालेल्या कराराच्या नावातच मॅनपॉवर सप्लाय असेल, तर त्या कराराचा संदर्भ देताना नाव आहे तसंच ठेवा.

आता चेअरमन. मराठी मसुद्यात हा प्रश्न जवळजवळ सुटलेलाच आहे, कारण ‘अध्यक्ष’ हा शब्द बाई-पुरुष दोघांनाही चालतो. चूक होते ती पुढच्या पायरीवर. महिला निवडून आल्या की उत्साहाने ‘अध्यक्षा’ लिहिलं जातं आणि त्याच क्षणी ‘अध्यक्ष’ हा पुरुषांचा शब्द होऊन बसतो. इंग्रजीतही हेच घडतं: बाईंना चेअरपर्सन आणि त्यांच्या आधीच्या साहेबांना चेअरमन. एका यादीत दोन्ही दिसले की समजावं, शब्द तटस्थ झालेला नाही, फक्त बाईंसाठी वेगळी पाटी लावली आहे. म्हणून पद कोणाकडेही असो, मराठीत अध्यक्ष आणि इंग्रजीत चेअरपर्सन किंवा चेअर. नावाच्या पाटीवर ‘श्रीमती अमुक, अध्यक्ष’ हे बरोबर आहे. बोलण्यातल्या ‘चेअरमनसाहेब’ला परिपत्रकाने कोणी हात लावू शकत नाही, ते आपोआप ‘मॅडम’ होईल तेव्हा होईल.

इंग्रजीची अडचण खरी आहे ती इथे. पोटनियमांच्या इंग्रजी प्रतीत चेअरमन असेल, तर पोटनियमाचा उतारा, ठरावाची प्रमाणित प्रत, बँकेतला सह्यांचा नमुना आणि कोर्टातली कागदपत्रं यांत तोच शब्द राहू द्या. कर्जाच्या कागदावर चेअरपर्सन आणि बँकेकडच्या ठरावात चेअरमन असं झालं, की कागद परत येतो आणि ऐन हंगामाच्या तोंडावर कर्जउचल अडते. पोटनियमच बदलायचे असतील तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 13 प्रमाणे निबंधकांकडे दुरुस्तीची नोंदणी होईपर्यंत ती लागू होत नाही. केवळ या एका शब्दासाठी हा खटाटोप कोणी करत नाही. दुसरी काही दुरुस्ती निघाली की तिच्यासोबत ही जोडून द्यावी. तोवर इंग्रजी परिपत्रकात पहिल्या उल्लेखाला ‘पोटनियमांतील चेअरमन, यापुढे चेअरपर्सन’ अशी एक ओळ टाका आणि मग शेवटपर्यंत चेअरपर्सन लिहा.

कायद्याने वेगळं नाव दिलेलं असेल तर तुमचा कोणताच पर्याय चालत नाही, याचं चांगलं उदाहरण प्रत्येक कारखान्यात सापडतं. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात अंतर्गत समितीच्या प्रमुखाला कलम 4 ने ‘प्रिसायडिंग ऑफिसर’ म्हटलं आहे, आणि ते पद महिलेकडेच असावं लागतं. चेअरपर्सन हा शब्द त्याच कायद्यात येतो, पण कलम 7 मध्ये, जिल्ह्याच्या स्थानिक समितीसाठी. तरीही सूचनाफलकावर अंतर्गत समितीच्या ‘चेअरमन श्रीमती अमुक’ असं सर्रास दिसतं. तिथे ‘पीठासीन अधिकारी’ लिहा.

कोणीतरी जनरल क्लॉजेस ॲक्ट पुढे करेलच. 1897 च्या त्या कायद्याचं कलम 13 म्हणतं की पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही येतात. बरोबर आहे, पण ते केंद्रीय कायदे आणि विनियम वाचायचे कसे याबद्दल आहे. तुम्ही परिपत्रक कसं लिहावं, याला ते आड येत नाही.

फायरमनकडे वळू. साखर कारखान्यात हा शब्द सगळ्यात घातक, कारण तो दोन वेगळ्या माणसांना लावला जातो. एक बॉयलरवरचा, भट्टी सांभाळणारा. दुसरा आग विझवणारा. इंग्रजी शब्दकोशाच्या भरवशावर सगळीकडे फायरफायटर केलं, तर बॉयलर हाऊसच्या पाळीपत्रकात आग विझवणारे लोक नेमले जातील आणि बॉयलर निरीक्षक विचारतील की बॉयलर कोणाच्या ताब्यात आहे. बॉयलरवरच्या माणसासाठी इंग्रजीत बॉयलर अटेंडंट हा शब्द आहेच, पण तो प्रमाणपत्राशी जोडलेला आहे. ज्याच्याकडे ते प्रमाणपत्र नाही त्याला अटेंडंट लिहू नका. तिथे ‘बॉयलर कामगार’ किंवा ‘भट्टी कामगार’ पुरे.

आग विझवणाऱ्यासाठी इंग्रजीत फायरफायटर ठीक. मराठीत ‘अग्निशामक’ सुचवला जातो आणि भरतीच्या जाहिरातींत तो दिसतोही, पण परिपत्रकात जरा थांबा. ‘प्रत्येक गोदामाजवळ दोन अग्निशामक ठेवावेत’ या वाक्यात माणसं ठेवायची की लाल सिलिंडर? गोदामपाल सिलिंडर ठेवून मोकळा होईल आणि त्याचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. म्हणून माणसासाठी ‘अग्निशमन कर्मचारी’ आणि वस्तूसाठी ‘अग्निशामक यंत्र’ ही विभागणी पक्की करा. ‘अग्निशमन जवान’ कानाला चांगलं वाटतं, पण मग ‘महिला जवान’ असं वेगळं सांगावं लागतं, म्हणजे पुन्हा तेच.

पगारपत्रक, सेवापुस्तक आणि अनुभवाचा दाखला यांत मात्र करारातलं पदनाम जसंच्या तसं राहिलं पाहिजे. करारात फायरमन आणि दाखल्यावर फायरफायटर झालं, तर दुसऱ्या कारखान्यात त्या माणसाची श्रेणी ठरवताना वाद होतो. पुढच्या वेतन करारात पदनाम बदलून घ्या, मग दाखल्यावर आणा. इमारतीच्या नकाशावरची ‘फायरमन्स लिफ्ट’ आणि लिफ्टजवळचा ‘फायरमन्स स्विच’ यांनाही हात लावू नका. ती तांत्रिक नावं आहेत आणि आगीच्या वेळी येणारं पथक तीच पाटी शोधतं.

एवढं करूनही मराठीत अर्धं काम उरतं, कारण मराठीत लिंग नामापेक्षा क्रियापदातून जास्त डोकावतं. हा मसुदा बघा:

> गळीत हंगामासाठी लागणाऱ्या मॅनपॉवरची माहिती प्रत्येक खातेप्रमुखाने चेअरमन यांच्याकडे द्यावी. रात्रपाळीचा फायरमन बदली येण्यापूर्वी निघून गेलेला आढळला तर त्याच्यावर कारवाई होईल. चेअरमन दर सोमवारी स्वतः आढावा घेणार असून गैरहजर राहणारा खातेप्रमुख जबाबदार धरला जाईल.

यात शब्द बदलले तरी ‘गेलेला’, ‘त्याच्यावर’, ‘राहणारा’ तसेच राहतात. ‘व्यक्ती’ घातलं तर उलटं होतं: ‘व्यक्ती आढळली तर तिच्यावर’, आणि पाळीवरचे लोक विचारतात की हे बायकांसाठीच आहे का. उपाय व्याकरणातच आहे. ‘-ल्यास’, ‘-ताना’, ‘-ण्यापूर्वी’, ‘-वे’ ही रूपं कर्त्याचं लिंग घेत नाहीत. भविष्यकाळातलं ‘करेल’, ‘करतील’ही घेत नाही. ‘अध्यक्षांनी सभा बोलावली’ यात क्रियापद सभेमागे जातं, अध्यक्षांमागे नाही. ‘अध्यक्ष आले’ किंवा ‘आल्या’ इथेच फक्त अडतं. मग तोच मसुदा असा होतो:

> गळीत हंगामासाठी आपल्या खात्याला पाळीनिहाय किती कामगार लागतील, याची माहिती प्रत्येक खातेप्रमुखाने अध्यक्षांकडे द्यावी. रात्रपाळीत बॉयलरवर नेमलेल्या कामगाराने बदली हजर होण्यापूर्वी जागा सोडल्यास शिस्तभंगाची कारवाई होईल. अध्यक्ष दर सोमवारी स्वतः आढावा घेतील. बैठकीला गैरहजर राहिल्यास खातेप्रमुखावर जबाबदारी राहील.

लक्षात घ्या, ‘पाळीनिहाय किती’ असं लिहिल्यावर माहितीही नेमकी येऊ लागेल. मॅनपॉवर म्हटल्यावर कोणी हंगामी धरून आकडा देतो, कोणी सोडून.

इतिवृत्ताला हा नियम लावू नका. तिथे माणूस माहीत असतो, तेव्हा ‘अध्यक्ष श्रीमती अमुक उपस्थित होत्या’ हेच लिहायचं. तटस्थ ठेवायचं ते पद, समोर बसलेली बाई नव्हे.

इंग्रजी फायलींत `Ctrl+H` वापरणार असाल तर `Find whole words only` वर खूण करा, नाहीतर चेअरमनशिपचं चेअरपर्सनशिप होतं. आणि `Replace All` दाबू नका. `Find Next` ने एकेक ठिकाण बघत जा आणि जिथे पोटनियम, करार, ठराव किंवा नकाशातला उतारा आहे तिथे पुढे सरका. बॉयलर विभागाच्या फायली वेगळ्या काढून त्या मुख्य अभियंत्यांच्या शेजारी बसूनच तपासा, कारण तिथला प्रत्येक फायरमन कोण आहे हे त्यांनाच माहीत असतं.