राज्याभिषेक शक: १६७३ कधी मिळवायचे, १६७४ कधी

प्रश्न: "आजोबांच्या पेटीत दोन मोडी कागद निघाले. लिप्यंतर करून घेतलं. एकावर 'राज्याभिषेक शके १०१ मन्मथ नाम संवत्सरे चैत्र वद्य' आहे आणि दुसऱ्यावर 'राज्याभिषेक शके १०२ मन्मथ नाम संवत्सरे आषाढ शुद्ध'. संवत्सर एकच, मग शक दोन कसे? यातला एक खोटा आहे का? आणि इसवी सन काढायला १६७३ मिळवू की १६७४? दोन जण दोन वर्षं सांगतात."

भाऊ, दोन्ही कागद खरे दिसतात आणि दोन्ही १७७५ चेच आहेत. पहिला एप्रिलमधला, दुसरा जून संपता संपता किंवा जुलैच्या सुरुवातीचा. पहिल्याला १६७४ मिळवायचे, दुसऱ्याला १६७३. तुम्हाला दोन वर्षं सांगणारे दोघंही अर्धं बरोबर आहेत, फक्त महिना कोणी पाहिला नाही.

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही, कारण नेमक्या याच ठिकाणी आमचे दोन वर्ष गेले. मी इतिहासाचा मास्तर नाही, शेती करतो, पण घरच्या कागदापायी हे शिकावं लागलं म्हणून जरा लांब लिहितो. कोर्टकचेरीचं काम असेल तर जाणकार मोडीवाचकाकडून लेखी घ्या, माझ्या उत्तरावर अर्ज करू नका.

महाराजांचा राज्याभिषेक झाला ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, शालिवाहन शके १५९६, आनंद नाम संवत्सर, म्हणजे ६ जून १६७४ (ही तारीख जुन्या इंग्रजी पद्धतीची, आजच्या पद्धतीनं १६ जून येते). त्या दिवशी राज्याभिषेक शक १ सुरू झाला, ० नाही. म्हणून १६७३. आणि तो शक दरवर्षी बदलतो तो त्याच तिथीला. पाडव्याला नाही, १ जानेवारीलाही नाही. सगळी गडबड इथूनच होते, कारण संवत्सराचं नाव आणि शालिवाहन शक चैत्र शुद्ध प्रतिपदेला बदलतात. म्हणजे पाडव्यापासून ज्येष्ठ शुद्ध द्वादशीपर्यंत, अडीच महिने धरा, संवत्सर नवीन लागलेलं असतं आणि राज्याभिषेक शक मात्र जुनाच चालू असतो. त्यामुळे कोणत्याही एका राज्याभिषेक शकात दोन संवत्सरं येतात, आणि एका संवत्सरात दोन राज्याभिषेक शक. तुमच्या कागदांचं हेच झालं. मन्मथ संवत्सर १७७५ च्या पाडव्याला लागलं, तेव्हा १०१ चालू होता, आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला १०२ झाला.

तर हिशोब असा. तिथी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी ते डिसेंबरअखेर यात पडत असेल तर १६७३ मिळवा, जानेवारीपासून ज्येष्ठ शुद्ध द्वादशीपर्यंत असेल तर १६७४. आषाढ ते कार्तिक डोळे झाकून १६७३, माघ ते वैशाख डोळे झाकून १६७४. मार्गशीर्ष आणि पौषात मात्र जंत्री उघडावीच लागते, कारण १ जानेवारी कधी मार्गशीर्षात पडते कधी पौषात. पडताळा घ्यायचा असेल तर पानिपत घ्या, तारीख सगळ्यांना पाठ असते: १४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध अष्टमी, शालिवाहन शके १६८२, विक्रम नाम संवत्सर. तेव्हा राज्याभिषेक शक होता ८७. त्यात १६७४ मिळवले की १७६१, बरोबर जमतं. १६७३ मिळवले असते तर लढाई एक वर्ष आधी गेली असती.

आता आमचं सांगतो. आमच्या गावच्या मारुतीला इनाम जमीन आहे, तिची जुनी सनद आमच्या वाड्यात होती, कापडात गुंडाळलेली, घडीवर घडी, मधली ओळ घडीवरच फाटलेली. अंक ९५ वाचता येत होता, पुढचं संवत्सराचं नाव 'विरो...' एवढंच दिसत होतं आणि महिना वैशाख स्पष्ट. मी वाचून ठेवलं होतं की १६७३ मिळवायचे, कुठंतरी एका ओळीत लिहिलेलं. ९५ आणि १६७३ मिळून १७६८. तेच अर्जात लिहिलं. मूळ ओळ अर्जात उतरवलीच नाही, फक्त 'सन १७६८ ची सनद' असं लिहिलं. हीच आमची सगळ्यात महाग पडलेली चूक. एकदा वर्ष बदलून लिहिलं की समोरचा माणूस तेवढंच शोधतो.

ज्या कार्यालयात अर्ज दिला त्यांनी १७६८ चा बस्ता पाहिला आणि 'आढळ होत नाही' असा शिक्का मारून परत केलं. मी दुसऱ्यांदा गेलो, एसटीनं दोन गाड्या बदलून, सनदेची झेरॉक्स नेली. तिथल्या साहेबांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "शके ९५ म्हणता, शकात ७८ मिळवतात, मग हा इसवी सन १७३ चा झाला, असा कागद असू शकत नाही." 'राज्याभिषेक' हा शब्द ओळीत समोर होता. मी दाखवला. ते म्हणाले शक म्हणजे शक. तिसऱ्यांदा गेलो तर मागचा अर्जच सापडेना, नवीन करा म्हणाले. मला अजूनही राग येतो, कारण चूक माझी होती हे खरं, पण जुने कागद सांभाळणाऱ्या ठिकाणी बसलेल्या माणसाला राज्याभिषेक शक आणि शालिवाहन शक वेगळे आहेत एवढं माहीत नसावं? आमच्यासारखे किती जण तिथून रिकाम्या हातानं गेले असतील.

शेवटी तिढा सोडवला शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्या गुरुजींनी, मोडी वाचतात ते. त्यांनी अंकाकडं पाहिलंच नाही. आधी संवत्सर. 'विरो' म्हणजे विरोधी किंवा विरोधकृत, साठ संवत्सरांत या दोनच नावांची सुरुवात अशी आहे. विरोधी तेविसावं, विरोधकृत पंचेचाळिसावं. मग त्यांनी मला हिशोब करायला लावला: शालिवाहन शकात १२ मिळवा, ६० नं भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा नंबर (बाकी ० आली तर साठावं). राज्याभिषेक शके ९५ सुरू झाला शके १६९० मध्ये. १६९० आणि १२ मिळून १७०२, भागून बाकी २२, म्हणजे सर्वधारी. पुढच्या पाडव्याला शके १६९१, बाकी २३, विरोधी. म्हणजे वैशाख हा शके १६९१ चा, आणि इसवी सन १७६९ चा मे महिना. मी लिहिलेल्या १७६८ च्या वैशाखात राज्याभिषेक शक ९४ होता आणि संवत्सर सर्वधारी. कागदावर दोन्ही नाही.

यानं फक्त एक आकडा बदलला असं समजू नका. १७६८-६९ च्या हिवाळ्यात माधवराव पेशव्यांची फौज नागपूरच्या जानोजी भोसल्यांवर चालून आमच्याच मुलखात आली होती आणि १७६९ च्या मार्चमध्ये कनकापूरचा तह झाला. आमची सनद तहानंतरची निघाली, आणि 'पूर्वीप्रमाणे चालवावे' या तिच्यातल्या शब्दांचा अर्थ तेव्हा कुठं आम्हाला लागला. १७६८ धरलं असतं तर ती लढाईआधीची समजून बसलो असतो. १७६९ चा बस्ता मागितल्यावर नोंद पहिल्याच दिवशी सापडली.

माझं मत ठाम आहे, कोणाला पटो न पटो: अंकावर कधीही एकट्यानं विश्वास ठेवू नका. मोडीतला अंक पुसट होतो, नक्कल करणारा चुकतो, घडीवर फाटतो. संवत्सराचं नाव शब्दात असतं, ते टिकतं. अंक आणि संवत्सर जमत नसतील तर जबरदस्तीनं जमवू नका, जसं आहे तसं लिहा आणि कागद मूळ आहे की मागाहूनची नक्कल हे आधी पाहा. आणि हो, 'ज्येष्ठ शुद्ध' एवढंच लिहिलेलं आणि तिथी फाटलेली असेल तर वर्षासाठी १६७३ की १६७४ हे सांगायला संवत्सरही पुरत नाही, कारण ते दोन्ही बाजूंना तेच असतं. पण तेव्हा गरजही नसते: संवत्सरावरून शालिवाहन शक काढा आणि ज्येष्ठासाठी त्यात ७८ मिळवा, झालं.

आजकाल शिवशक ६ जूनला बदलतो असं बरेच जण लिहितात. सोहळ्यासाठी ठीक आहे, जुन्या कागदासाठी चालत नाही, तिथं तिथीच धरायची. सोपी आठवण हवी तर २०२३ च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, २ जूनला, ३५० वा शक लागला. २०२३ मधून ३५० वजा करा, १६७३.

आता तुमच्या कागदांसाठी एक काम करा. दोन्ही कागदांवर, कधी शेवटी, कधी मागच्या बाजूला शिक्क्याजवळ, अरबी सन शब्दात लिहिलेला असतो का पाहा, 'सन' किंवा 'सुरूसन' नंतर, सोबत 'छ' लिहून मुसलमानी महिन्याची तारीख असते. हा सन मृग लागला की बदलतो, आणि त्यात ५९९ मिळवले की तो ज्या मृगाला सुरू झाला ते इसवी वर्ष येतं. त्यामुळे तुमच्या चैत्राच्या कागदावर 'खमस सबैन मया अलफ' म्हणजे ११७५ निघायला पाहिजे (५, ७०, १०० आणि १०००), आणि आषाढाच्या कागदावर 'सित सबैन मया अलफ', ११७६. फसली लिहिलेलं असेल तर त्याहून ९ जास्त, ११८४ आणि ११८५. तसंच निघालं तर वर्षाबद्दल शंका राहणार नाही. अर्जात मात्र पहिल्या पानावर मूळ ओळ जशीच्या तशी लिहा, इसवी सन तिच्या खाली, आणि पावती घेतल्याशिवाय तिथून निघू नका.