कोपराच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं: हात वापरावा की वापरू नये?

प्रश्न: वय ४३. पोळी-भाजी केंद्र चालवते. चार महिन्यांपासून उजव्या कोपराच्या बाहेरच्या हाडाशी दुखतं. सांडशीने पातेलं उतरवताना, फडकं पिळताना, आता तर चहाचा कप उचलतानाही कळ येते. एक्स-रे चांगला आला. विश्रांती घेतली की बरं वाटतं, काम धरलं की पुन्हा तेच. असं का होतं? हात वापरावा की वापरू नये?

उत्तर: वापरावा ताई, पण मोजून. मी फिजिओथेरपिस्ट आहे. असं कोपर घेऊन आमच्याकडे येणारे बहुतेक जण हाताने राबणारे असतात: आचारी, गवंडी, सुतार, धुणीभांडी करणाऱ्या बायका. त्यांच्या कागदावर ‘टेनिस एल्बो’ लिहिलेलं असतं, तुमच्याही असेल.

आधी एक करून बघा. डावा हात उजव्या कोपराच्या थोडा खाली, बाहेरच्या मांसल भागावर ठेवा आणि उजव्या हाताची मूठ आवळा. बोटं मिटवणारे स्नायू खरं तर तळहाताच्या बाजूला असतात, तरी हा बाहेरचा भाग टणक झालेला हाताला लागेल. स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट दोर म्हणजे कंडरा. बोटं मिटवणाऱ्या कंडरा मनगटावरून जातात, त्यामुळे त्या ओढल्या की मनगटही आत वाकू लागतं, आणि आत वाकलेल्या मनगटाने घट्ट धरता येत नाही. मनगट पूर्ण आत वाकवून मूठ आवळून पाहा, लगेच लक्षात येईल. मनगट वाकू नये म्हणून वरच्या बाजूचे स्नायू त्याला मागे खेचून धरतात. हे स्नायू कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याला एकाच जाड कंडरेने जोडलेले असतात. म्हणजे सांडशी आवळा, फडकं पिळा की झारा धरा, प्रत्येक वेळी ताण त्या एका जागी जातो.

तळहात खाली आणि कोपर सरळ असेल तर हा ताण सगळ्यात जास्त बसतो. अशा वेळी कंडरा ताणली जाते आणि शिवाय हाडाच्या कडेवर दाबलीही जाते. शेगडीवरचं पातेलं हात लांब करून सांडशीने उचलताना तुमचा हात नेमका असाच असतो. त्यात सांडशीचा दांडा बारीक, त्यामुळे मूठ जास्त आवळावी लागते, आणि वजन हातापासून लांब.

आता विश्रांतीचं. कंडरेतले तंतू स्वतःला दुरुस्त करतात, पण फार सावकाश. काम एकदम वाढलं, समजा डबे वाढले किंवा मदतनीस सोडून गेली, तर झीज पुढे जाते आणि दुरुस्ती मागे पडते. तंतूंची मांडणी विस्कटते, मधे नको तिथे बारीक रक्तवाहिन्या शिरतात. १९७९ साली नर्शल आणि पेट्रोन या अमेरिकी डॉक्टरांनी ऑपरेशनमध्ये काढलेल्या अशा कंडरेचं वर्णन केलं, तेव्हा त्यांना नेहमीच्या सुजेऐवजी हेच दिसलं होतं. म्हणून सुजेच्या गोळ्यांनी चार दिवस दुखणं दबतं, पण कंडरा आहे तिथेच राहते. विश्रांतीचंही तसंच. ताण थांबला म्हणून दुखायचं थांबतं, पण न वापरलेली कंडरा आणि स्नायू आणखी कमकुवत होतात. मग तेच जुनं पातेलं आता त्यांना जड होतं. तुमचं बरं वाटणं आणि पुन्हा दुखणं या फेऱ्यात अडकलंय ते यामुळे.

कोणी स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तर घाई करू नका. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये झालेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात इंजेक्शन घेतलेल्यांना सुरुवातीला छान वाटलं, पण वर्षभरात शंभरातल्या ५४ जणांचं दुखणं उलटलं. औषध नसलेलं इंजेक्शन घेतलेल्यांत हेच प्रमाण शंभरात १२ होतं. सहा आठवड्यांच्या आरामासाठी वर्ष गमावणं मला पटत नाही, आणि हे मी समोरच्या रुग्णाला स्पष्ट सांगतो.

व्यायामाआधी दुखणं याच जातीचं आहे ना, ते तपासा. हात समोर सरळ, तळहात जमिनीकडे, बोटं ताठ. आता कोणाला तरी तुमचं मधलं बोट खाली दाबायला सांगा आणि तुम्ही ते वर राखा. कळ बरोबर त्या हाडाच्या उंचवट्याशी आली तर खाली लिहिलेलं तुमच्यासाठी आहे. पण हाताला मुंग्या येत असतील, मान वळवल्यावर कोपर दुखत असेल, बोटं वर उचलायची ताकद गेली असेल, कोपर सुजलं किंवा अडकत असेल, किंवा पडल्यानंतर दुखायला लागलं असेल, तर व्यायाम थांबवा आणि आधी दाखवून घ्या. तेव्हा मूळ मानेत, नसेत किंवा सांध्यात असू शकतं.

वजनासाठी डंबेल लागत नाही. एक कापडी पिशवी आणि पाण्याच्या बाटल्या पुरतात, कारण अर्धा लिटर पाणी म्हणजे अर्धा किलो. टेबलाशी बसा, कोपर वाकवून हात टेबलावर टेकवा, तळहात खाली, मनगट कडेच्या बाहेर. पिशवीत अर्धा लिटरची एक बाटली घालून मुठीत धरा. मनगट सरळ रेषेत आणा आणि तिथेच स्थिर ठेवा, हलवू नका. ३० ते ४५ सेकंद धरायचं, एक-दोन मिनिटं थांबायचं, असं चार वेळा, दिवसातून एकदा. अर्धा किलोही टोचत असेल तर बाटली अर्धी करा. पहिले दोन आठवडे एवढंच.

किती दुखलं तर चालेल, हे ठरवणं यात सगळ्यात महत्त्वाचं आहे. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे असह्य, असं धरलं तर व्यायाम करताना तीनपर्यंत दुखलेलं चालतं. पण ते त्याच दिवशी ओसरलं पाहिजे. खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो: चहाचा भरलेला कप उचला. कालच्याइतकंच किंवा कमी दुखलं तर तुमचं माप बरोबर. जास्त दुखलं तर काल जास्त झालं, तेव्हा वजन एक पायरी खाली आणा. पूर्ण बंद मात्र करू नका.

सकाळचा कप सलग आठवडाभर शांत राहिला की हालचाल सुरू करा. बसण्याची पद्धत तीच. ३ सेकंद मोजत मनगट वर, ४ सेकंद मोजत खाली. १० ते १२ वेळा, असे तीन फेरे, पण एक दिवसाआड, कारण कंडरेला मधला दिवस लागतो. वजन इतकं हवं की फेऱ्यातले शेवटचे दोन-तीन जड जावेत. झटक्यात दहा मारले तर उपयोग नाही, वेग कमी ठेवणं हाच त्यातला औषधी भाग. एका फेऱ्यात १५ सहज व्हायला लागले की पाव किलो वाढवा. हळूहळू दोन किलोच्या आसपास जाता आलं की तोच व्यायाम कोपर थोडं थोडं सरळ करत करा, कारण सांडशीचं काम सरळ कोपरानेच होतं.

आमच्याकडे एक बाई यायच्या, त्यांचीही घरगुती खाणावळ होती. पाचव्या आठवड्यात त्यांनी एका संध्याकाळी वजन वाढवलं आणि त्याच दिवशी मुंजीच्या जेवणाची ऑर्डर घेऊन मोठं पातेलं उचललं. दुसऱ्या दिवशी किटलीही उचलवेना. त्यांना वाटलं, व्यायामानेच बिघडलं. प्रत्यक्षात व्यायाम आणि ऑर्डर या दोघांची बेरीज जास्त झाली होती. तीन दिवस त्या पुन्हा नुसतं धरून ठेवण्याच्या पायरीवर राहिल्या, मग आधीच्या वजनावर आल्या, आणि पुढे एक नियम पाळला: मोठ्या कामाच्या दिवशी व्यायाम नाही, वाढवणं तर नाहीच. तिसऱ्या महिन्यात त्यांचं रोजचं काम कळ न येता होत होतं.

तोपर्यंत कामातला ताण कमी करा, काम बंद करू नका. सांडशीच्या दांड्यांना कापड गुंडाळून ते जाड करा, मूठ कमी आवळावी लागेल. शेगडीच्या जवळ उभ्या राहा, कोपर वाकलेलं आणि अंगालगत ठेवा. पातेलं दोन्ही बाजूंनी, दोन हातांनी उतरवा. मोठ्या पातेल्यातली भाजी शेगडीवरच लहान भांड्यात काढून घेतली तर उचलायचं वजन निम्म्यावर येतं. पिशवी किंवा बादली उचलताना तळहात खाली नको, अंगठा पुढे राहू द्या. फडकं पिळण्याऐवजी जाळीवर दाबून पाणी काढा, पिळणं या कंडरेला अजिबात झेपत नाही. लाटणं मुठीत आवळू नका, तळव्याखाली फिरू द्या.

औषधाच्या दुकानात मिळणारा पट्टा कामाच्या वेळी बांधायला हरकत नाही. तो दुखऱ्या हाडावर नाही, तर त्याच्या दोन बोटं खाली, मांसल भागावर बांधायचा. त्याने कंडरेवरचा ताण थोडा वाटला जातो, ती बरी होत नाही. हाताला मुंग्या आल्या तर सैल करा, आणि झोपताना काढून ठेवा.

शेवटी मोठ्या पातेल्याकडे परत येताना त्याचीही पायरी करा. आधी रिकामं पातेलं सांडशीने उचलून ठेवा, दोन दिवसांनी पाव भरलेलं, मग निम्मं, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या सकाळचा कप पाहूनच पुढे जा. यात एकूण तीन महिने धरा. सहा आठवडे नियमित करूनही सकाळच्या कपात काहीच फरक पडला नाही, तर प्रत्यक्ष एखाद्या फिजिओथेरपिस्टला हात दाखवा. बऱ्याचदा माप चुकलेलं असतं, नाहीतर दुखणं मानेतून येत असतं, आणि ते हात धरून तपासल्याशिवाय कळत नाही.