पीआर त्याचा, मर्ज माझा, मग नाव कोणाचं?

प्रश्न: आमच्या ओपन सोर्स शब्दकोश अ‍ॅपमध्ये एकाने सर्चचा पीआर अर्धवट सोडला होता. मी तो पूर्ण करून मर्ज केला, लिंक्डइनवर पोस्ट टाकली, 'टीमचे आभार' पण लिहिलं. आता तो मेसेजला उत्तरच देत नाही. माझं काय चुकलं?

उत्तर: तू दिलेली लिंक उघडून बघितली. त्याचा कोड तू नवीन ब्रांचमध्ये कॉपी-पेस्ट केलास आणि स्वतःच्या नावाने कमिट केलास, सगळी गडबड तिथेच आहे. गिटला कॉपी-पेस्ट कळत नाही ना, त्याच्या दृष्टीने सगळ्या ओळी तूच लिहिल्यास. उद्या इंटरव्ह्यूत त्याने सांगितलं की हे सर्च मी केलंय, तर समोरचा गिटहबवर बघणार आणि तिथे तुझं नाव दिसणार. राग येणारच की.

त्याचीच ब्रांच पुढे न्यायची किंवा त्याचे कमिट्स चेरी-पिक करायचे, म्हणजे ऑथर तोच राहतो आणि चेरी-पिकमध्ये तू फक्त कमिटर होतोस (गिटमध्ये या दोन नोंदी आधीपासून वेगळीच आहेत). आणि दोघांचं काम एकाच कमिटमध्ये मिसळलं असेल तर मेसेजच्या अगदी शेवटी, आधी एक ओळ रिकामी सोडून, हे टाकायचं:

```
Co-authored-by: Name <ID+username@users.noreply.github.com>
```

ईमेल त्याच्या गिटहब अकाउंटला जोडलेला हवा, नाहीतर कमिट त्याच्या प्रोफाइलशी जोडलंच जात नाही. तो त्यालाच विचार, जुन्या कमिटमधला कॉलेजचा पत्ता उचलू नकोस. स्क्वॉश करताना पीआरमधल्या बाकीच्या ऑथर्ससाठी ही ओळ गिटहब स्वतःच भरतो, पण आपण मेसेज 'नीटनेटका' करायला जातो आणि तीच पुसून टाकतो, हे मी फार वेळा पाहिलंय. वर्षअखेरीला कोणी किती काम केलं ते `git shortlog -sn` ने काढत असाल तर लक्षात ठेव, ते फक्त ऑथर मोजतं. सहलेखक धरायचे असतील तर असं चालव:

```
git shortlog -sn --group=author --group=trailer:co-authored-by
```

आता ज्याकडे तुझं लक्षच गेलेलं दिसत नाही ते. 'दऱ्या' शोधलं की शब्द असूनही सापडत नाही, हा मूळ इश्यू टाकला त्या शिक्षिकाबाईंनी. नुसती तक्रार नाही केली त्यांनी, दोन फोनवरून टाइप करून दाखवलं की एका कीबोर्डवर तो अर्धा र नुक्तावाल्या ऱ ला हलंत लावून येतो आणि दुसऱ्यावर साधा र, हलंत आणि त्याच्यापुढे न दिसणारा झेडडब्ल्यूजे. दिसायला सारखंच, आत कोड वेगळे. खरं कोडं तिथेच सुटलं होतं, राहिला होता तो एक रूप दुसऱ्यात बदलायचा कोड. पण बाईंचं एकही कमिट नाही म्हणून त्यांचं नाव कुठेच नाही. लिनक्स कर्नलमध्ये याच्यासाठी `Reported-by`, `Suggested-by`, `Tested-by` अशा वेगळ्या ओळी आहेत, आणि बग खाजगीत कळवलेला असेल तर नाव टाकण्याआधी परवानगी घ्या असंही त्यांच्या नियमात आहे. सरसकट सगळ्यांना सहलेखक करू नकोस, जे केलं तेच लिही. न केलेल्या कामाचं श्रेय मिळालं तरी माणूस अवघडतो.

झालेलं निस्तरायचं कसं? मेन ब्रांचची हिस्टरी बदलून फोर्स-पुश अजिबात करू नकोस, सगळ्यांचे क्लोन बिघडतील आणि नवीनच भांडण सुरू होईल. रिलीज नोटमध्ये दुरुस्ती कर, त्याच्या जुन्या पीआरवर कमेंट टाकून मर्ज झालेल्या कमिटची लिंक दे, म्हणजे शोधणाऱ्याला माग लागतो. लिंक्डइनची पोस्ट एडिट कर, पण ज्यांनी आधीच वाचली ते परत उघडून बघणार नाहीत, त्यामुळे एक छोटी वेगळी पोस्टही टाक. 'टीमचे आभार' म्हणजे कोणाचेच आभार नाहीत रे. असं लिही:

"'दऱ्या'सारखे शब्द का सापडत नाहीत ते अमुक यांनी शोधून काढलं, सर्चचा मूळ कोड तमुक यांचा, मी टेस्ट्स लिहिल्या आणि राहिलेल्या केसेस पूर्ण केल्या."

तुझं कामही यात स्पष्ट दिसतंय, उगाच नम्रपणा करून ते झाकायची गरज नाही. पण टाकण्याआधी मजकूर दोघांना पाठव. बाईंना लिंक्डइनवर नाव नकोही असेल, आणि त्याच्या कंपनीत बाहेरच्या प्रोजेक्टचं चालत नसेल तर टॅग केल्याने तो उलट गोत्यात येईल.

त्याला मेसेज करताना आधी काय काय दुरुस्त केलंस त्याच्या लिंक दे, बस. त्याच मेसेजमध्ये 'तेवढा नवीन इश्यू बघशील का' हे घुसडू नकोस. तो इश्यू त्याच्या नावावरून काढ आणि मोकळा ठेव, वाटलं तर घेईल.