'पार्टीनां खातां मेळवी नाखजो' : पहिल्या दिवशी साहेबांना काय विचारायचं?

प्रश्न: जळगावहून वडोदऱ्याला आलोय. सोमवारी मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्स असिस्टंट म्हणून रुजू होणार. साहेब फोनवर म्हणाले, 'आल्यावर पहिलं काम, पार्टीनां खातां मेळवी नाखजो.' नेमकं काय हवंय ते कळलं नाही. पहिल्याच दिवशी विचारलं तर याला काहीच येत नाही असं वाटेल का?

उत्तर:

मी मकरपुऱ्यातच अकाउंट्समध्ये १९ वर्षं काढली आहेत आणि 'पार्ट्यांची खाती जुळवून टाका' असं सांगणारं हेच वाक्य मला माझ्या पहिल्या नोकरीत पहिल्या दिवशी सकाळी ऐकायला मिळालं होतं. मी 'हो' म्हटलं आणि कामाला लागले. पार्ट्यांची यादी काढली, १ एप्रिलपासूनचा एकेक उतारा घेतला आणि ए अक्षरापासून सुरुवात केली. तिसरा दिवस शनिवार होता. दुपारी ४ वाजता साहेब आले आणि म्हणाले, 'चेक काढायचेत, लिस्ट द्या.' त्यांना फक्त त्या शनिवारी पैसे द्यायच्या पार्ट्या हव्या होत्या. मी डी अक्षरावर होते, आणि त्यातल्या एकाही पार्टीचं नाव त्या चार अक्षरांत नव्हतं.

त्याहून वाईट गोष्ट पुढे कळली. एका पार्टीत ८,००० रुपयांचा फरक येत होता, तो मी जर्नल टाकून जुळवून टाकला होता. तो फरक ज्या बिलाचा होता त्याचा माल गेटवर पडून होता, स्टोअरची पावती माझ्याकडे यायची होती. आठवड्याने पावती आली, खरेदीची नोंद झाली आणि तेच बिल खात्यात दोनदा बसलं. पार्टीला ८,००० जास्त गेले. पुढच्या बिलातून वळते झाले खरे, पण त्यासाठी साहेबांना पार्टीशी बोलावं लागलं. खातं जुळवण्यात मी कच्ची नव्हते. दोन गोष्टी विचारल्या नव्हत्या, एवढंच.

म्हणून सांगते, विचारा. फक्त 'म्हणजे काय करायचं?' असं विचारू नका. ज्याच्या उत्तराने तुमचं काम बदलतं, तेच विचारा.

तुमच्या वाक्यात पहिली अडचण 'पार्टी' या शब्दातच आहे. इथल्या कारखान्यांत माल देणाराही पार्टी आणि माल घेणाराही पार्टी. लेणदार, देणदार, देणेकरी हे शब्द वापरू नका. मराठी आणि गुजराती माणूस त्यांचे अर्थ उलटसुलट घेतात, हे मी कितीदा तरी पाहिलंय. सरळ विचारा, 'आपल्याला माल देणाऱ्या पार्ट्या, की आपला माल घेणाऱ्या?'

दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: 'हे पेमेंट सोडायला हवंय, जीएसटीसाठी हवंय, की ऑडिटसाठी?' खातं तेच, पण ही तीन वेगळी कामं आहेत. एक उदाहरण घेऊन दाखवते.

समजा नट-बोल्ट देणारी एक पार्टी आहे. ३१ मार्चला तुमच्या वहीत तिचे १,८४,३०० रुपये देणं दिसतंय. तिच्या उताऱ्यात तिला तुमच्याकडून २,३१,५०० येणं आहे. फरक ४७,२०० चा. शोधल्यावर दोन गोष्टी सापडतात. एक बिल ३१ मार्चचं आहे, ३०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून ३५,४००. माल ३ एप्रिलला आला, म्हणून तुमच्याकडे नोंद एप्रिलमध्ये. दुसरं, तुम्ही रिजेक्ट मालाची १०,००० अधिक जीएसटी अशी ११,८०० ची डेबिट नोट टाकली आहे, ती पार्टीने अजून घेतलेली नाही. ३५,४०० आणि ११,८०० मिळून ४७,२००. हिशेब लागला.

आता पुढे काय करायचं? काम पेमेंटचं असेल तर मार्चअखेरचं ते बिल बहुधा अजून देय झालेलंच नसतं, त्यात वेळ घालवायचा नाही. डेबिट नोट मात्र वजा करूनच रक्कम सांगायची, नाहीतर रिजेक्ट मालाचेही पैसे जातात. काम जीएसटीचं असेल तर तुलना पार्टीच्या उताऱ्याशी नसतेच, ती जीएसटीआर-२बीशी असते. पार्टीने वेळेवर रिटर्न भरलं असेल तर ते बिल मार्चच्या २बीत दिसेल, पण माल हातात आल्याशिवाय क्रेडिट घेता येत नाही, म्हणून ते मार्चमध्ये न घेता एप्रिलसाठी बाजूला काढायचं. आणि डेबिट नोट तुम्ही टाकली असली तरी पार्टी तिची क्रेडिट नोट काढत नाही तोवर २बीत काहीच दिसणार नाही. तिच्या मागे लागावं लागतं. काम ऑडिटचं असेल तर तारीख ३१ मार्च पक्की, आणि एकही नोंद न बदलता दोन्ही फरक कारणासकट एका कागदावर दाखवायचे. वाटेतल्या मालाचं काय करायचं ते साहेब आणि सीए ठरवतील.

एका प्रश्नाच्या उत्तरावर तीन-चार दिवसांचं काम कसं फिरतं ते यात दिसेल. तारीख कोणती, किती पार्ट्या, कोणता कागद समोर ठेवायचा, हे बहुतेक त्या एका उत्तरातूनच निघतं.

तिसरा प्रश्न, जो मी विचारला नाही: 'फरक सापडला तर नोंद मी टाकू, की यादी करून तुम्हाला दाखवू?' अधिकार कुणाचा हे पहिल्या दिवशीच स्पष्ट व्हायला हवं. साहेब म्हणाले, 'नाखी देजो ने', तरी एक रक्कम विचारून घ्या. पैशापैशांचे, रुपया-दोन रुपयांचे राउंड ऑफचे फरक टाकायला हरकत नसते. त्यावर गेलं की कारण सापडेपर्यंत हात लावायचा नाही. किती रुपयांपर्यंत, हा आकडा त्यांच्याच तोंडून येऊ द्या.

हे विचारायला जाण्याआधी मात्र अर्धा तास टॅलीत घालवा. लॉगिन कुठलं, पार्ट्यांचे उतारे कोणत्या फाइलमध्ये, स्टोअरच्या पावत्या कोण आणून देतं, हे शेजारच्या टेबलावरच्या माणसाला विचारा. त्यासाठी साहेबांकडे जायचं नाही. मग चार-पाच मोठ्या पार्ट्यांची खाती उघडा. लेजरमध्ये `Maintain balances bill-by-bill` हे `Yes` आहे का बघा. नसेल तर कोणतं बिल बाकी आहे हे टॅली सांगू शकत नाही, नुसती एकूण बाकी दाखवते. असेल तर पेमेंटच्या नोंदी बिलासमोर लावल्यात की `On Account` टाकून सोडल्यात ते बघा. बऱ्याच ठिकाणी आधीच्या माणसाने घाईत `On Account` टाकलेलं असतं. मग दिलेली बिलंही बाकी दिसत राहतात, आणि त्या यादीवर चेक काढला तर दुसऱ्यांदा पैसे जायचा धोका असतो.

असं दिसलं तर तुमच्याकडे एक नेमका प्रश्न तयार झाला: 'या तीन पार्ट्यांची पेमेंटं ऑन अकाउंट पडून आहेत. ती जुन्यात जुन्या बिलासमोर लावू, की पार्टीकडून बिलवार माहिती मागवू?' हा प्रश्न ज्याने खातं उघडून पाहिलंय तोच विचारू शकतो, आणि हे समोरच्याला लगेच कळतं. तुमच्या भीतीला माझ्याकडे हेच उत्तर आहे. रिकाम्या हाताने गेलात तर प्रश्न अडाणीपणाचा वाटतो. खाती छापून, त्यावर पेन्सिलीने खूण करून गेलात तर तोच माणूस खुर्ची पुढे करतो.

वेळही बघा. सकाळचा पहिला तास बँकेचे फोन आणि सह्या यांत जातो. अकरा-साडेअकराला, सगळे प्रश्न एका कागदावर घेऊन, एकदाच जा. दर दहा मिनिटांनी एकेक प्रश्न घेऊन जाणारा माणूस कुणालाच नको असतो, मग प्रश्न कितीही चांगले असोत. आणि 'सांज सुधीमां आपी देजो' म्हणाले तर किती वाजता, ते विचारा. ज्या साहेबांना साडेचारला चेकवर सह्या करायच्यात त्यांची सांज चारलाच होते.

आता असेही साहेब असतात की काहीही विचारलं तरी 'तमने ठीक लागे एम करो' म्हणून फोन उचलतात. त्यांना पुन्हा तोच प्रश्न विचारून उपयोग नसतो. तुम्हीच एक अर्थ ठरवा, तो त्यांना ऐकवा आणि एकाच पार्टीचं काम पूर्ण करून दाखवा. माझ्या हाताखाली गेल्या वर्षी आलेल्या मुलाने हे फार छान केलं. पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी एक पार्टी जुळवून कागद माझ्यासमोर ठेवला: वर आपली बाकी, खाली पार्टीची, मध्ये फरक आणि प्रत्येक फरकासमोर बिल नंबर, तारीख, कारण. म्हणाला, 'असंच हवंय ना? मग बाकीच्या लावतो.' मला बिलाच्या तारखेशेजारी माल आल्याची तारीखही हवी होती, ती मी तिथेच सांगितली. ४० पार्ट्या झाल्यावर सांगितली असती तर त्याला सगळे कागद पुन्हा काढावे लागले असते.

बोलणं झालं की टेबलावर येऊन व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी टाका. तुमच्या साहेबांसाठी गुजरातीत टाकलं तर उत्तम, हिंदीही चालेल. मजकूर साधारण असा:

'साहेब, माल देणाऱ्या पार्ट्या, या शनिवारच्या पेमेंटसाठी, आजच्या तारखेपर्यंत जुळवतोय. आधी तुम्ही सांगितलेल्या ८ पार्ट्या. १० रुपयांपर्यंतचा फरक राउंड ऑफला टाकीन, त्यावरचा यादीत लिहीन, नोंद करणार नाही. पहिली पार्टी आज ३ वाजता दाखवतो. काही वेगळं हवं असेल तर सांगा.'

यावर उत्तर आलं नाही तरी काम सुरू करा. ३ वाजता कागद घेऊन जाल तेव्हा ते वाचतीलच, आणि जे चुकीचं धरलं असेल ते तेव्हाच दुरुस्त होईल.

आधीच्या माणसाने खाती अशी का ठेवली, हे मात्र सोमवारी विचारू नका. जे सापडेल ते तारखेसकट वहीत लिहून ठेवा. दोन-तीन आठवड्यांत त्यातलं अर्धं तुम्हालाच उलगडेल, उरलेलं महिनाअखेरीला साहेबांसमोर बसाल तेव्हा विचारा. सोमवारी त्यांनी तीनपैकी कोणतं काम सांगितलं ते इथे लिहा, त्याप्रमाणे तो कागद कसा आखायचा ते मी सांगते.